कमिशन नाही, फाइल बोलते

«बँकवाल्यांनी पाठवलेल्या ग्राहकाबद्दल काहीच द्यायचं नाही, तर ते पाठवत का राहतील?» असा प्रश्न मला विचारला जातो.

ठाण्यात, नौपाड्यात माझी सीएची प्रॅक्टिस आहे. एका कर्ज एजंटनं माझ्याकडे फीतला वाटा मागितला होता. सीए कायदा, 1949 च्या पहिल्या अनुसूचीत फीतला वाटा बाहेरच्याला देणं हे गैरवर्तन ठरतं, आणि बाहेरच्याच्या कामातला नफा घेणंही. त्यामुळे त्या एजंटला नाही म्हटलं, पुढे त्याचा फोन आलाच नाही.

बँक अधिकाऱ्याला खरं तर वेगळंच हवं असतं: पुढे बुडणार नाही असं खातं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदाराला खेळत्या भांडवलासाठी 60 लाखांची कॅश क्रेडिट हवी होती. लहान उद्योगांना बँका साधारण अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के कर्जमर्यादा देतात, म्हणून त्याला कागदावर 3 कोटी दाखवायचे होते. जीएसटी विवरणपत्रांत उलाढाल होती 2 कोटी 10 लाख. हातातल्या ऑर्डरी बघून मी 2 कोटी 40 लाख धरले, मर्यादा आली 48 लाख. कारखानदार चिडला. (अजूनही चहाला बोलवत नाही!) पण वर्षअखेरीचे आकडे अंदाजाच्या जवळ आले, तेव्हा त्याच्या बँकेतल्या अधिकाऱ्यानं आणखी दोघांना माझ्याकडे पाठवलं.

त्या अधिकाऱ्यांची बदली झाली, तरी नव्या शाखेतूनही ते अशिलाला दोन-तीन सीएंची नावं देतात, त्यात माझं असतं. अशिलाच्या लेखी संमतीशिवाय मात्र मी त्यांना एक आकडाही सांगत नाही. प्रमाणपत्र खरं आहे का, हे पाहण्यासाठी त्यावरचा यूडीआयएन हा 18 अंकी ओळख क्रमांक ते स्वतः तपासतात.