‘फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“पेपर पूर्ण वाचायचा नसतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, इंट्रो आणि कन्क्लुजन वाचा, आठवड्याला तीस पेपर होतात. थ्रेट मॉडेल ही फॉर्मॅलिटी असते, सोडून द्या. रिझल्टच्या टेबलमधला सर्वांत मोठा आकडा लिहून घ्या. टॉप कॉन्फरन्सचा पेपर असेल तर शंका घ्यायचं कारणच नाही.”

सेमिस्टर सुरू झालं की हा मेसेज नागपुरातल्या एम.टेक.च्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो मला माझ्या मावसभावाने पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, हे खरं असेल तर मी काहून एकेक पेपर घेऊन चार-चार दिवस बसतो?” तो पहिल्या वर्षाला आहे. विषय इंट्रूजन डिटेक्शन, म्हणजे नेटवर्कवर होणारी घुसखोरी ओळखणं. रविवारी तो तर्री-पोहे बांधून घेऊन घरी आला, आम्ही लॅपटॉप उघडून बसलो आणि मेसेज एकेका वाक्याने तपासला. त्याचाच हा वृत्तान्त.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पटतं. पेपर कसा वाचावा यावर एस. केशव यांनी २००७ साली दोन पानांचा एक टिपणवजा लेख लिहिला होता. त्यात तीन फेऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पाच-दहा मिनिटांची: शीर्षक, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, इंट्रो, विभागांची नावं, कन्क्लुजन आणि संदर्भांवर एक नजर. दुसरी तासाभराची, त्यात आकृत्या आणि आलेख नीट बघायचे. तिसरीला नवख्या माणसाला चार-पाच तास लागतात. मेसेजवाल्याने पहिली फेरी उचलली आणि पुढच्या दोन गाळल्या. पहिल्या फेरीचं काम एकच, हा पेपर पुढे वाचायचा की ठेवून द्यायचा हे ठरवणं. तीस पेपर या गाळणीतून काढा, जरूर काढा. पण गाळणीत उरलेले तीन-चार वाचायचे असतात, आणि ते वाचल्याशिवाय ‘तीस पेपर झाले’ असं म्हणता येत नाही.

सिक्युरिटीच्या पेपरमध्ये तर अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर थांबणं जास्तच अंगाशी येतं. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू. ‘आम्ही अमुक ओळखतो’ हे तिथे असतं, पण कोणत्या अटींवर ओळखतो ते मधल्या पानांवर, बहुतेक वेळा एका आखूड परिच्छेदात असतं. म्हणून माझा क्रम असा: अ‍ॅब्स्ट्रॅक्ट झालं की थेट थ्रेट मॉडेल, मग प्रयोगाचा विभाग, मग मर्यादांचा परिच्छेद. डिझाइनची पानं शेवटी. नवी मुलं नेमकी उलटी जातात, डिझाइनच्या आकृतीत अडकतात आणि प्रयोगापर्यंत पोहोचेस्तोवर दमतात. मावसभावाचे चार दिवस तिथेच जात होते.

आता थ्रेट मॉडेल. हल्लेखोर कोण, तो कुठे बसलाय, त्याला काय दिसतं, आधीपासून काय ठाऊक आहे आणि काय करता येत नाही, हे सांगणारा हा भाग. हे काढून घेतलं की पेपरच्या निकालाला काही अर्थच उरत नाही. ओळख लपवणारं टोर नेटवर्क वापरणारा माणूस कोणती वेबसाइट उघडतोय हे ओळखण्याच्या हल्ल्यांचं उदाहरण घ्या. त्यांना वेबसाइट फिंगरप्रिंटिंग म्हणतात. हल्लेखोर वापरकर्ता आणि टोरचा पहिला नोड यांच्या मध्ये बसतो. मजकूर एन्क्रिप्ट झालेला असल्यामुळे त्याला फक्त पॅकेट कधी गेलं, कुठल्या दिशेने गेलं आणि केवढं होतं एवढंच दिसतं. तरी अनेक पेपरांत नव्वद टक्क्यांहून जास्त अचूकता सापडते. पण त्यातल्या कित्येकांत गृहीत असं की वापरकर्ता ठरावीक शंभरेक साइटपैकीच एक उघडणार, एका वेळी एकच टॅब ठेवणार, आणि हल्लेखोराने आपलं मशीन लर्निंगचं मॉडेल त्याच आवृत्तीच्या ब्राउझरवर नुकतंच शिकवलेलं असणार. २०१४ मध्ये सीसीएस परिषदेत हुआरेझ आणि सहकाऱ्यांनी या अटी एकेक करून सैल केल्या. दोन टॅब उघडले, ब्राउझरची आवृत्ती बदलली, मॉडेल शिकवल्यावर काही दिवस जाऊ दिले, की अचूकता घसरत गेली. अटींना धरून बघितलं तर मूळ पेपर खोटे नव्हतेच. त्यांचा आकडा अटींशिवाय उचलणारा मात्र फसला.

हा भाग शोधायला वेळ लागत नाही. कधी तो थ्रेट मॉडेल या नावाने असतो, कधी अ‍ॅडव्हर्सरी मॉडेल किंवा सिस्टिम मॉडेल, आणि कधी मथळाच नसतो. मी `Ctrl+F` दाबून `assum` एवढंच टाइप करते. ‘गृहीत धरतो’ आणि ‘गृहीतक’ अशी इंग्रजीतली दोन्ही रूपं त्यात सापडतात. ती सगळी वाक्यं एका कागदावर उतरवली की पेपर कशाच्या आधारावर उभा आहे ते दहा मिनिटांत कळतं. मावसभावाने आणलेल्या पहिल्याच पेपरमध्ये हा शब्द एकदाही सापडला नाही. गृहीतकं होती, लिहिलेली नव्हती, आणि ती प्रयोगाच्या विभागातून उकरावी लागली.

तिथूनच आम्ही मोठ्या आकड्याकडे आलो. मेसेजमधलं हे वाक्य मला सर्वांत जास्त बोचतं, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. एम.टेक.च्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये केडीडी ९९ नावाच्या डेटासेटवर मी ९९ टक्क्यांच्या वर अचूकता काढली होती आणि दोन दिवस हवेत होते. मग परीक्षक म्हणून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “डेटा तोडला कसा?” रँडम तोडला होता, ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के तपासायला. पुढचा प्रश्न विचारण्याआधीच मॅडम हसल्या होत्या.

कारण हा डेटासेट मुळातच त्या आकड्याला अनुकूल आहे. तो १९९८ साली अमेरिकेत, हवाई दलाच्या तळावरच्या नेटवर्कची नक्कल करून गोळा केलेल्या वाहतुकीतून तयार झाला. २००९ मध्ये तवल्लाई आणि सहकाऱ्यांनी त्याची छाननी केली तेव्हा शिकवण्याच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के आणि तपासण्याच्या भागातल्या सुमारे ७५ टक्के नोंदी पुनरावृत्त निघाल्या. वर्गात बहुतेक जण त्याची दहा टक्क्यांची फाइल वापरतात. ती pandas मध्ये `df` या नावाने लोड करून हे चालवून बघा:

```python
df.duplicated().mean()
```

साधारण ०.७ येतं. म्हणजे रँडम तोडणी केली की तपासणीतल्या बऱ्याचशा ओळी मॉडेलने शिकताना अक्षरशः तशाच पाहिलेल्या असतात. पेपर फुटलेल्या परीक्षेचे मार्क म्हणतात तसं. खरं तर डेटासेट बनवणाऱ्यांनी वेगळी तपासणी-फाइल दिली होती आणि शिकवणीत नसलेले १४ नवे हल्लाप्रकार तिच्यात मुद्दाम ठेवले होते. ती फाइल न वापरता पहिलीच फाइल रँडम तोडली की नवा हल्ला ओळखण्याची परीक्षाच रद्द होते. शिवाय या डेटात सुमारे ८० टक्के नोंदी हल्ल्यांच्या आहेत. डोळे मिटून प्रत्येक ओळीला ‘हल्ला’ म्हणणाऱ्या प्रोग्रामलाही इथे ८० टक्के अचूकता मिळते.

खऱ्या नेटवर्कवर प्रमाण नेमकं उलटं असतं. १९९९ मध्ये स्टीफन अ‍ॅक्सेल्सन यांनी मांडलेलं गणित मी मावसभावाला वहीत करायला लावलं. दिवसाला १० लाख नोंदी, त्यात दोन हल्ले, प्रत्येक हल्ल्याच्या दहा नोंदी. म्हणजे हल्ल्याच्या नोंदी २०. आता समजा, पेपर म्हणतो की आमची यंत्रणा ९९ टक्के हल्ले पकडते आणि चुकीचा अलार्म फक्त १ टक्का. वीसच्या वीस पकडले असं धरू. उरलेल्या ९,९९,९८० निरुपद्रवी नोंदींच्या १ टक्का म्हणजे जवळपास १०,००० खोटे अलार्म. रात्रपाळीला बसलेल्या माणसापुढे दिवसाला दहा हजार वीस अलार्म येणार आणि त्यातले वीस खरे. पाचशेमागे एक. पहिल्याच आठवड्यात तो स्क्रीनकडे बघणं सोडेल. चुकीच्या अलार्मचं प्रमाण लाखात एक इतकं खाली आणलं तरच वीस खऱ्यांमागे दहा खोटे अशी परिस्थिती येते, म्हणजे तरीही तीनात एक खोटा.

वही बघून तो म्हणाला, “म्हणजे ९९ वाचून काहीच कळत नाही?” नाही कळत. टेबलमध्ये मी अ‍ॅक्युरसीचा रकाना आधी झाकते आणि चुकीच्या अलार्मचा शोधते. तो सापडला की त्याला रोजच्या नोंदींच्या संख्येने गुणते. पेपरने आरओसी, म्हणजे पकडलेले हल्ले आणि चुकीचे अलार्म यांचा आलेख काढला असेल तर चुकीच्या अलार्मचा अक्ष कुठून कुठे जातो ते बघा. शून्य ते एक असा पूर्ण अक्ष असेल तर लाखात एकचा भाग डाव्या कडेला रेघेच्या जाडीत दडलेला असतो, आणि कामाचा भाग तोच असतो.

टॉप कॉन्फरन्सचं वाक्य थोडक्यात. तिथली छाननी कडक असते यात शंका नाही, पण २०२२ च्या यूसेनिक्स सिक्युरिटी परिषदेत आर्प आणि सहकाऱ्यांनी आधीच्या दहा वर्षांतले, अव्वल परिषदांचेच ३० पेपर तपासले. विषय सिक्युरिटीतलं मशीन लर्निंग. प्रत्येक पेपरमध्ये त्यांच्या यादीतल्या दहापैकी किमान तीन गफलती निघाल्या. हल्ली पेपरवर बिल्लेही असतात, तेही वाचता आले पाहिजेत. ‘अव्हेलेबल’ म्हणजे कोड आणि डेटा कुठेतरी ठेवलेला आहे, एवढंच. ‘फंक्शनल’ म्हणजे तो चालतो. ‘रिप्रोड्यूस्ड’ म्हणजे परिषदेच्या समितीने चालवून मुख्य निकाल मिळवून पाहिला. पण तोही लेखकांच्याच डेटावर आणि त्यांनीच केलेल्या तोडणीवर. तोडणीच चुकली असेल तर तीच चूक पुन्हा मिळते.

पोहे केव्हाच गार झाले होते. निघताना मावसभावाने एक्सेलमध्ये चार रकाने केले: हल्लेखोर कुठे बसलाय, त्याला काय ठाऊक, डेटा कसा तोडला, चुकीचे अलार्म दिवसाला किती. रात्री त्याने पाच पेपर भरून शीट पाठवली. दोन पेपरांसमोर शेवटचा रकाना रिकामा होता. “ताई, हा मोकळाच ठेवू का?” मी म्हटलं, “मोकळा नको. ‘दिलेला नाही’ असं लिही आणि पान क्रमांक टाक, म्हणजे गाईडनी विचारलं तर तिथेच दाखवता येईल.”