४९९ च्या वर डिलिव्हरी फ्री? आधी खोकं मोजा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला: "घरगुती माल ऑनलाइन विकताय? ४९९ च्या वर सरसकट डिलिव्हरी फ्री ठेवा. वजन-अंतराच्या भानगडीत पडू नका, सरासरी निघते. उरलेला खर्च किमतीत मिसळा, गिऱ्हाइकाला कळतही नाही."

यावल तालुक्यात आमचा केळी वेफर्स आणि काळ्या मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. पाठवणीचा हिशोब मी ठेवते. हा सल्ला ऐकून दोन-तीन बचत गटांनी हात पोळून घेतले, म्हणून आकड्यांसकट लिहिते.

आधी वजनाचं बोलू, कारण खरी गोम तिथेच आहे. कुरिअरवाला काट्यावरचं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं व्हॉल्युमेट्रिक वजन, यातलं जे जास्त ते धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची (काही जण ४००० ने भागतात, करारात बघा). येणारा आकडा किलोत असतो आणि तो पुढच्या अर्ध्या किलोवर नेतात.

आमची पाव किलोची चार पाकिटं, म्हणजे ५०० रुपयांचे वेफर्स, ३६×२५×२० च्या खोक्यात बसतात. काटा १.२ किलो दाखवतो, पण आकारमानाने ३.६ किलो भरतात, म्हणून बिल ४ किलोचं येतं. आमच्या दरपत्रकात राज्यात पहिल्या अर्ध्या किलोला ३५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला २० आहेत. ते झाले १७५, १८ टक्के जीएसटी धरून २०६ रुपये ५० पैसे. माल, मजुरी, पॅकिंग वजा जाता ५०० मागे आमच्या हातात १२० उरतात. म्हणजे खिशातून साडेशहाऐंशी रुपये गेले.

मग मर्यादा १००० ची केली तर? खोकं ७.२ किलोचं होतं, बिल साडेसात किलोचं, खर्च ३७२ आणि उरतात २४०. तोटा १३२ वर गेला! वेफर्स वाढले की डिलिव्हरीचा खर्च नफ्यापेक्षा वेगाने वाढतो, म्हणून नुसत्या वेफर्ससाठी फ्री डिलिव्हरीची मर्यादा कुठेच लागू पडत नाही. मसाल्याचं उलट आहे. ५०० रुपयांचा एक किलो मसाला खोक्यासकट १.१ किलो भरतो, बिल दीड किलोचं, खर्च ८८ रुपये ५० पैसे. तिथे राज्यात ५०० ची मर्यादा खुशाल ठेवा.

दूरच्या झोनमध्ये मात्र तोच मसाला पाठवायला आम्हाला पहिल्या अर्ध्या किलोला ६० आणि पुढे ४० पडतात. एका किलोला १६५ रुपये जातात, दोन किलोला २६० जातात आणि हातात असतात २४०. तीन किलोला, म्हणजे १५०० च्या ऑर्डरला, ३५४ खर्च आणि ३६० नफा, तेव्हा कुठे तोंडमिळवणी होते. म्हणून प्रत्येक झोनला मर्यादा वेगळी हवी. झोन ठरवताना जिल्ह्याच्या नावावर जाऊ नका. ४२५ ने सुरू होणारे पिनकोड जळगाव, नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरलाही आहेत. रावेरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, पण राज्य वेगळं. दरपत्रकात झोन राज्यावर बेतले असतील तर सावंतवाडीपेक्षा तेच महाग पडतं. कुरिअरकडून पिनकोडची यादी मागून घ्या.

सरासरीच्या भरवशावर राहणं तर घातकच. भुसावळचा माणूस वेफर्स कुरिअरने कशाला मागवेल, तो दुकानातून नेतो. मागणी येते ती बंगळूर-गुरुग्रामला नोकरीला गेलेल्या आपल्याच लेकरांची, आणि ती बरोबर ५०० ची. स्वस्त पडणाऱ्या ऑर्डर येतच नाहीत, मग सरासरी काढायची कशाची?

खर्च किमतीत मिसळायचा तर पाकिटावरची एमआरपीच वाढवावी लागेल. म्हणजे बंगळूरच्या खोक्याचं भाडं फैजपूरच्या दुकानात येणाऱ्या बाईने भरायचं. हे मला पटत नाही, आणि ती शेजारच्या दुकानात जाईल हेही दिसतं आहे.

आम्ही आता नुसत्या वेफर्सवर डिलिव्हरीचे पैसे घेतो आणि ऑर्डर देतानाच आकडा दाखवतो. राज्यात फ्री डिलिव्हरी मसाल्याला ५०० वर, आणि अर्धे वेफर्स, अर्धा मसाला असेल तर १००० वर. तळाशी एक किलो मसाला, वर चार पाकिटं वेफर्स, खोकं आधीपेक्षा फक्त दोन सेंटिमीटरने जास्त उंच. आकारमान ३.९६ किलो, काटा सव्वादोनच्या आसपास, बिल तेच ४ किलोचं. २४० मधून दोनशे साडेसहा गेले तरी साडेतेहेतीस उरतात.