24 गुंठ्यांचा ठिपका

साहेबांना नकाशा हवा होता. म्हणजे नकाशा तयारच होता, मराठवाड्यातल्या काही गावांचा, सेंटिनल-2 उपग्रहाच्या इमेजवरून वर्गीकरण केलेला, कपाशी, पडीक, पाणी, वस्ती वगैरे सहा वर्ग, सहा रंग. पण साहेबांना तो "शेप मध्ये" हवा होता, म्हणजे प्रत्येक तुकड्याची हद्द आखलेल्या पॉलिगॉनमध्ये, आणि प्रत्येक वर्गाचं क्षेत्र हेक्टरमध्ये. मी म्हटलं सर, क्षेत्रच पाहिजे असेल तर पॉलिगॉनची गरजच नाही, एक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, 100 पिक्सेल म्हणजे एक हेक्टर, पिक्सेल मोजले की झालं, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये Raster layer unique values report नावाचं टूल आहे, दोन सेकंदात टेबल देतं. साहेब म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण शेप द्या."

बरं. दिला Polygonize ला, ते एकाच वर्गाच्या लागून असलेल्या पिक्सेलभोवती हद्द आखून पॉलिगॉन करतं. एकूण एरिया 6,000 हेक्टर, म्हणजे सहा लाख पिक्सेल, फार नाही. पण लेयर उघडली तर सगळ्या नकाशावर कोणीतरी खसखस सांडलेली, हजारो पॉलिगॉन, त्यातले बहुतेक एकेका पिक्सेलचे! कपाशीच्या मधोमध एक पिक्सेल वस्ती, टेकडीवर एक पिक्सेल पाणी. याचं कारण साधं आहे, वर्गीकरण करणारा अल्गोरिदम प्रत्येक पिक्सेलचा निर्णय एकट्याने घेतो, शेजारी कोण आहे ते बघतच नाही. बांधावर एक बाभूळ असली की तो पिक्सेल अर्धा झाड अर्धा पीक, मग तो जाऊन पडतो तिसऱ्याच वर्गात. टेकडीची सावली काळी, पाणीही काळं, झालं तळं.

साहेबांनी लेयर बघितली आणि म्हणाले, "हे ठिपके काढा की." टीममधल्या नवीन पोराने लगेच उत्साहाने 2,500 चौरस मीटरपेक्षा लहान सगळे पॉलिगॉन सिलेक्ट केले आणि डिलीट मारलं. नकाशा एकदम स्वच्छ! फक्त 6,000 हेक्टरच्या गावांमधली 400 हेक्टर जमीन गायब, आणि सगळीकडे भोकं. सातबाऱ्यावरून एवढी जमीन एका क्लिकमध्ये उडवता आली असती तर तहसीलमध्ये काय काय झालं असतं याचा विचार करत मी Ctrl+Z दाबलं.

ठिपका काढायचा म्हणजे त्याला शेजाऱ्यात मिसळवायचं असतं, आणि ते पॉलिगॉन करायच्या आधी, रास्टरवरच, म्हणजे पिक्सेलच्या मूळ नकाशावरच. त्यासाठी Sieve आहे, म्हणजे चाळण. त्याला सांगायचं की 25 पिक्सेलपेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही, तो असा तुकडा उचलून शेजारच्या सगळ्यात मोठ्या तुकड्याला देतो. नीट वाचा, सगळ्यात मोठ्या, ज्याची हद्द जास्त लागते त्याला नाही. म्हणजे पडीक जमिनीने तीन बाजूंनी वेढलेला ठिपका चौथ्या बाजूने नुसता टेकला जरी असला कपाशीला, तरी तो कपाशीचा, कारण आमच्याकडे कपाशीचा एकच तुकडा शेताला शेत जोडत पाच-सहा किलोमीटर पसरलेला असतो. बळी तो कान पिळी. त्यामुळे एकूण क्षेत्र अगदी 6,000 च राहतं, साहेब खूश, पण आतल्या आत जमिनी सरकलेल्या असतात आणि बेरीज बघून ते कधीच कळत नाही.

कळतं ते आधीचं आणि नंतरचं टेबल शेजारी ठेवल्यावर. मी ठेवलं. पाणी आधी 96 हेक्टर होतं, नंतर 71. भर सप्टेंबरात 25 हेक्टर पाणी आटलं!

आटलं कुठे तर शेततळ्यांमधून. सरकारी योजनेतलं 30 मीटर बाय 30 मीटरचं शेततळं घेतलं, तर पिक्सेलच्या जाळ्यात अगदी चपखल बसलं तरी नऊ पिक्सेल, आणि चपखल बसत नाहीच, कडेचे पिक्सेल अर्धे बांधाचे, त्यामुळे हातात राहतात चार-पाच. 25 ची चाळण लावल्यावर एकही शेततळं वाचणार नव्हतं. सगळी कपाशी झाली. ज्या गावांमध्ये पाणी किती साठलं हे बघायला रिपोर्ट चाललाय तिथे आम्ही तळी बुजवून वर पीक घेतलं.

आणि 25 पिक्सेल म्हणजे किती हो? 100 चौरस मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा, गुंठा 101 चौरस मीटरच्या आसपास असतो. म्हणजे आम्ही "ठिपका ठिपका" म्हणून जे पुसतोय तो 24 गुंठ्यांपर्यंतचा तुकडा आहे, अर्ध्या एकराहून जास्त! आमच्या भाऊबंदकीत दीड गुंठ्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्यात, आणि इथे एक माणूस चहा पिता पिता 24 गुंठे शेजाऱ्याच्या नावावर करतोय.

मग शेवटी केलं ते असं की सगळ्या वर्गांना एकच चाळण लावायची नाही. पाण्याला 4 पिक्सेलची, बाकीच्यांना 25 ची, आणि दोन्ही जोडायचं. आमच्याकडे पाण्याचा वर्ग नंबर 4:

```
gdal_sieve.py -st 4 -8 varga.tif s4.tif
gdal_sieve.py -st 25 -8 varga.tif s25.tif
gdal_calc.py -A s4.tif -B s25.tif --outfile=final.tif --calc="numpy.where(A==4,4,B)"
gdal_polygonize.py -f GPKG final.tif final.gpkg
```

पाणी आलं 89 हेक्टर. जे सात हेक्टर गेलं त्यातले तुकडे गूगलच्या इमेजवर एकेक करून बघितले, बहुतेक टेकडीच्या सावल्या आणि ओली काळी रानं, म्हणजे गेलं ते बरं झालं. वस्तीचं मात्र मन मोठं करून सोडून दिलं, शेतातली एकेकटी घरं 25 च्या चाळणीत गेलीच, ते रिपोर्टात खाली लिहिलं. (खालचं कोण वाचतं!)

त्या -8 चं वेगळंच नाटक आहे. तो दिला नाही तर कोपऱ्याला कोपरा लागलेले पिक्सेल शेजारी धरत नाहीत, आणि आमचा ओढा तिरका वाहतो, त्यामुळे त्याचे तुकडे तुकडे होऊन तो शेतात विरघळतो. दिला तर ओढा वाचतो. पण Polygonize मुळात -8 धरत नाही, मग ओढ्याच्या त्याच तिरक्या कडेला परत एकेका पिक्सेलचे पॉलिगॉन उगवतात, आणि साहेब झूम करून विचारतात, "हे ठिपके काढले होते ना?" Polygonize ला पण -8 देता येतं, मग कोपऱ्यावर स्वतःलाच टेकणारे पॉलिगॉन होतात आणि पुढच्या टूलला invalid geometry चा झटका येतो. त्यापेक्षा वर्गानुसार डिझॉल्व्ह करून टाकलं, म्हणजे एका वर्गाचे सगळे पॉलिगॉन एकत्र, सहा वर्ग, सहा ओळी, क्षेत्र काढलं, रास्टरच्या टेबलशी पडताळलं, जुळलं. जुळणारच होतं, पिक्सेल तेच आहेत.

शेप दिला. साहेबांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं. म्हणाले, "छान. पण या कडा अशा पायऱ्या पायऱ्या का? जरा गोल करा ना."

मी म्हटलं सर, गोल केल्या की क्षेत्र बदलतं, आणि शेजारच्या दोन पॉलिगॉनच्या मध्ये फटी पडतात, कधी एकमेकांवर चढतात.

"मग," साहेब म्हणाले, "एक गोल कडांचा द्या बघायला, आणि एक हा द्या मोजायला."

नवीन पोरगा उत्साहाने Smooth शोधायला लागला होता.