जिन्यात अडकलेलं कपाट

व्हीपीएन अजिबात लागतच नसेल तर माणूस सुखात असतो. हेल्पडेस्कला फोन करायचा, "लागत नाहीये हो" म्हणायचं आणि त्यांचा फोन येईपर्यंत राजरोस चहा पीत बसायचं. खरा छळ व्हीपीएन लागल्यावर सुरू होतो. वायरगार्ड ह्या व्हीपीएन-ॲपच्या खिडकीत हिरवा ठिपका, त्याच्यापुढे Active, खाली Latest handshake काही सेकंदांपूर्वीचा. आणि ब्राउझरमध्ये ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंय.

महिनाअखेर होती. हेल्पडेस्कच्या मुलाने मोठ्या धीराने विचारलं, "सर, कनेक्टेड दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग आमच्या साइडने ओके आहे."

"पण एकही साइट उघडत नाहीये."

"रिस्टार्ट केलंत का सर?"

केलं होतं. लॅपटॉप केला, राउटर केला, बायकोच्या सांगण्यावरून वायफायही बंद करून चालू केलं. ती तिच्या फोनवर निवांत साड्या बघत होती. "माझं तर चालतंय," हे वाक्य तिने अशा सुरात म्हटलं, की दोष आता उपकरणांत उरला नव्हता.

ह्या प्रकारात पहिला संशय नेहमी साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसवर जातो, आणि तो फेडायला एक मिनिट पुरतं. डीएनएस बिघडलं असेल तर ब्राउझर फारसा वेळ न घेता तोंडावर सांगतो, DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN किंवा तसलंच काहीतरी. माझा ब्राउझर काहीच सांगत नव्हता. बराच वेळ फिरून शेवटी टाइम आउट. `nslookup` केलं तर पत्ता पटकन मिळत होता. `ping` केलं तर उत्तरही येत होतं. त्याहून विचित्र म्हणजे गूगल उघडत होतं, पण गूगलने शोधून दिलेलं काहीच उघडत नव्हतं. ऑफिसचं ते जुनंपुराणं चार ओळींचं स्टेटस पेज लागायचं आणि पगाराचं पोर्टल मात्र जन्माला यायला तयार नव्हतं. म्हणजे छोटं काही असेल तर पोचत होतं, मोठं मध्येच कुठेतरी गडप होत होतं.

एवढ्यात भाचा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. त्याने माझ्या खांद्यावरून डोकावून निकाल दिला, "मामा, स्प्लिट टनेल कर ना. सगळं कशाला ऑफिसातून फिरवतोस?"

मुद्दा तसा चुकीचा नाही. वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये AllowedIPs नावाची ओळ असते. कोणत्या पत्त्यांकडे जाणारी पॅकेटं व्हीपीएनच्या बोगद्यातून न्यायची, ते ती ठरवते. माझ्याकडे तिथे `0.0.0.0/0` होतं, म्हणजे यच्चयावत जग ऑफिसमार्गे. भाच्याने मला बाजूला सरकवून तिथे `10.20.0.0/16` लिहिलं. आता फक्त ऑफिसच्या आतले पत्ते बोगद्यातून, बाकी सगळं घरच्या फायबरवरून थेट. बातम्या उघडल्या, क्रिकेटचा स्कोअर उघडला. सकाळपासून रुसलेला प्रिंटरसुद्धा बोलू लागला, कारण `/0` असताना वायरगार्ड विंडोजवर बोगद्याबाहेरची सगळी ये-जा अडवतो आणि त्यात घरचा प्रिंटरही सापडतो.

"झालं!" भाचा म्हणाला आणि पोहे खायला गेला.

पगाराचं पोर्टल अजून फिरतच होतं. ते ऑफिसच्या आतलं, म्हणजे बोगद्यातूनच येणार, आणि दुखणं बोगद्यातच होतं. बाकीच्या साइट बऱ्या झाल्या नव्हत्या, त्यांनी नुसता रस्ता बदलला होता.

वर एक नवं दुखणं. मी वायरशार्क लावून वायफायवरची वाहतूक पाहिली, `udp.port == 53` एवढाच फिल्टर. पूर्ण बोगदा असताना इथे शुकशुकाट असायला हवा, कारण नावांची चौकशीसुद्धा गुंडाळून आतून जाते. आता मात्र ऑफिसच्या सर्व्हरांची नावं एकामागून एक, उघड्या अक्षरांत, माझ्या इंटरनेटवाल्याच्या डीएनएसकडे चालली होती. ह्यालाच डीएनएस लीक म्हणतात. `/0` असताना वायरगार्ड बाहेरच्या डीएनएसवर पहारा ठेवतो. ती ओळ बदलली की पहारा उठतो, आणि विंडोजला तर असेल त्या प्रत्येक जोडणीवर एकाच वेळी नाव विचारत सुटायची जुनी खोड आहे. पानातला मजकूर फुटत नाही, पण मी काय उघडतोय ते नाव फुटतं. ज्या इंटरनेट कंपनीला माझी तक्रार आठवडाभर ऐकू येत नाही, तिला आता मी पगाराचं पान दिवसातून किती वेळा उघडतो हे ठाऊक झालं होतं.

स्प्लिट ठेवायचंच असेल तर निदान ऑफिसची नावं ऑफिसलाच विचार, असं विंडोजला पॉवरशेलमधून बजावता येतं:

```
Add-DnsClientNrptRule -Namespace ".office.internal" -NameServers "10.20.0.53"
```

बाकीची नावं तरीही बाहेर जातात, आणि स्प्लिटमध्ये ती जाणारच. मी भाच्याची ओळ पुसली आणि `/0` परत आणलं. प्रिंटर पुन्हा रुसला.

तर मूळ दुखणं. इथे मला जुन्या वाड्याचा जिना आठवतो. अरुंद, अंधारा, मधेच वळणारा. माणूस सहज वर जातो. लोखंडी कपाट न्यायचं म्हटलं की जिन्याची रुंदी मोजावी लागते. नेटवर्कच्या प्रत्येक जिन्यालाही अशी रुंदी असते. तिला एमटीयू म्हणतात, आणि साध्या इथरनेटवर ती 1500 बाइट असते. आमच्या फायबरवाल्यासारखे जे पीपीपीओईने जोडतात, त्यांचे 8 बाइट त्यातच जातात. उरले 1492.

व्हीपीएन कपाट तसंच नेत नाही, गोणपाटात गुंडाळून नेतो. वायरगार्डचं गोणपाट आयपीव्ही4 वरून 60 बाइटचं आणि आयपीव्ही6 वरून 80 बाइटचं. हा फरक धरूनच वायरगार्ड आतल्या कपाटाला सहसा 1420 ची मर्यादा घालतो: 1420 आणि 80 मिळून बरोबर 1500. आदल्या दिवसापर्यंत माझा बोगदा आयपीव्ही4 वरून जात होता. 1420 अधिक 60, म्हणजे 1480. 1492 च्या जिन्यात ऐसपैस. मग इंटरनेटवाल्याचा माणूस "सर, नवीन मॉडेल आलंय" म्हणत राउटर बदलून गेला आणि नव्या राउटरने आयपीव्ही6 चालू केलं. वायरगार्डच्या खिडकीत Endpoint पुढे आकडे-ठिपक्यांऐवजी चौकटी कंसातली कोलनवाली लांबलचक माळ दिसत होती. ती मी सकाळपासून बघत होतो, पाहिली मात्र आता. 1420 अधिक 80, म्हणजे 1500. जिना 1492. आठ बाइटसाठी कपाट अडलं.

हिरवा ठिपका खोटं बोलत नव्हता. हँडशेकची पॅकेटं 148 आणि 92 बाइटची, विंडोजच्या साध्या `ping` मध्ये जेमतेम 32 बाइटचा मजकूर. ही सगळी माणसं, टणाटण जिना चढून जाणारी. साइट सुरू होताना सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, ते काही हजार बाइटचं, म्हणजे लागोपाठ भरगच्च कपाटं. तिथेच सगळं ठप्प. गूगल चालतं, कारण क्रोम त्याच्याशी बऱ्याचदा क्विक नावाच्या प्रोटोकॉलने बोलतो आणि त्याची पॅकेटं मुळातच साधारण 1250 बाइटची, बारकी.

कपाट अडलं तर जिन्यावरच्या माणसाने ओरडायचं असतं, "मावत नाही, लहान आणा!" आयपीव्ही6 मध्ये वाटेतला राउटर पॅकेट कापून देत नाही, तो Packet Too Big नावाचा आयसीएमपी निरोप परत पाठवतो आणि पाठवणारा आकार कमी करतो. चोख व्यवस्था आहे. पण आमच्या ऑफिसच्या फायरवॉलने सुरक्षेच्या नावाखाली बाहेरून येणारं आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवलंय. म्हणजे जिन्यावरचा माणूस ओरडतोय, आणि खाली हमालांनी कानात बोळे घातलेत. तेच कपाट पुन्हा पुन्हा वर.

खात्री करायला एक आज्ञा पुरते. `-f` म्हणजे कापू नकोस, `-l` म्हणजे आत एवढं भर. त्यावर 28 बाइट शीर्षकांचे धरायचे.

```
ping -f -l 1393 10.20.0.53
ping -f -l 1392 10.20.0.53
ping -f -l 1372 10.20.0.53
```

पहिल्याला लगेच Packet needs to be fragmented but DF set, कारण 1421 चा आकडा माझ्याच लॅपटॉपच्या मर्यादेबाहेर. दुसऱ्याला Request timed out. इथे पॅकेट निघालं आणि वाटेत मुकाट मेलं. तिसऱ्याला उत्तर. ही मधली मुकी जागा सापडली की आजार सापडला.

1492 उणे 80 म्हणजे 1412, त्यातून 28 गेले की 1384. हिशेबाने तिथपर्यंत जायला हवं होतं, पण 1380 च्या पुढे एक बाइट सरकेना. ह्याने माझं डोकं बराच वेळ खाल्लं. वायरगार्ड आतलं पॅकेट 16 च्या पटीत भरून घेतो, हे त्याचं कारण. 1380 अधिक 28 म्हणजे 1408, ही 16 ची पट. एक बाइट वाढला की पुढची पट 1424, ती मर्यादेबाहेर, म्हणून तो भर घालत थेट 1420 गाठतो आणि पुन्हा जिन्यात अडकतो. म्हणून 1412 चा सुबक आकडा सोडून मी 1400 लिहिलं:

```
[Interface]
DNS = 10.20.0.53
MTU = 1400
```

पाठवणारा तिकडे आणि आकडा बदलला मी इकडे, तरी ते चालतं. टीसीपीचं बोलणं सुरू होतानाच माझा लॅपटॉप सांगतो, की माझ्याकडे एवढ्याच मापाचं पाठव. हिशेबाच्या भानगडीत पडायचं नसेल तर 1280 लिहावं. गोणपाट धरून 1360 होतात, ते सहसा कुठेही मावतात. त्याखाली मात्र उतरू नये, कारण बोगद्यातून आयपीव्ही6 न्यायचं तर 1280 ची रुंदी लागतेच, असा नियम आहे. वेग किंचित घटतो, पण महिनाअखेरीला वेगाचं कौतुक कुणाला?

पगाराचं पोर्टल उघडलं. बायको म्हणाली, "बघ, राउटर परत रिस्टार्ट केलास ना?"

आता हे दुखणं माझ्या एकट्याचं नव्हतं. पीपीपीओई आणि आयपीव्ही6 असलेला प्रत्येक सहकारी ह्याच जिन्यात अडकणार. म्हणून फायरवॉल सांभाळणाऱ्या साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं: आयसीएमपी सगळं उघडू नका, पण आयपीव्ही6 मधला टाइप 2, म्हणजे तो Packet Too Big, तेवढा येऊ द्या. नाहीतर बोगद्याच्या तुमच्या टोकाला एमएसएस, म्हणजे टीसीपी सुरुवातीलाच सांगतं ते माप, कमी करा, म्हणजे घरोघरी कॉन्फिग बदलायला नको. पुरावा म्हणून वायरशार्कची अख्खी फाइल जोडली आणि पत्र धाडलं.

मिनिटभरात परत आलं. मेल सर्व्हरने लिहिलं होतं की जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे, लहान करून पाठवा. दिवसभरात एवढं स्पष्ट सांगणारं ऑफिसातलं ते पहिलंच यंत्र.