भरपूर पाण्याने निकामी किडनी धुतली जात नाही

"डायलिसिसच्या फंदात पडू नका. मशीन अंगातलं सगळं रक्त बाहेर काढते, त्यातच माणूस खचतो. एकदा डायलिसिस लागलं की किडनी आळशी होते आणि कायमची बंद पडते. त्यापेक्षा रोज चार-पाच लिटर पाणी प्या, किडनी आपोआप धुतली जाते. पोटातलं डायलिसिस म्हणजे तरी काय, नुसतं मिठाचं पाणी भरायचं आणि काढायचं. म्हणूनच डॉक्टर त्याबद्दल बोलत नाहीत."

हा मजकूर मला माझ्या आत्याकडून आला. ती मशीनवर आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. तिने तो नुसता पुढे पाठवला नाही, त्याप्रमाणे पाणी प्यायला सुरुवातही केली. मी स्वतः डायलिसिस युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे आणि असे फॉरवर्ड वाचून सोडून देते. हा सोडता येत नाही, कारण यातला पाण्याचा सल्ला मानणारा माणूस काही दिवसांत श्वास घेता येत नाही म्हणून इमर्जन्सीत पोचू शकतो. म्हणून आधी पाणी, बाकीचं नंतर.

निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेतात. लघवी म्हणून उरतो तो लिटर-दीड लिटर. साफसफाई होते ती या गाळण्यात आणि परत घेण्यात. गाळणाऱ्या जाळ्याच निकामी झाल्या असतील, तर वरून ओतलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. ते अंगात साठतं. आधी पावलांवर सूज दिसते, मग रक्तदाब चढतो, मग पाणी फुफ्फुसात उतरतं आणि आडवं झाल्यावर दम लागतो.

हा सल्ला इतका टिकून का आहे, याचं एक कारण रिपोर्टमध्ये आहे. 60 किलोच्या बाईच्या शरीरात साधारण 30 लिटर पाणी असतं. तिच्या रक्तातलं युरिया, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची घाण, 150 असेल आणि ती 3 लिटर जास्तीचं पाणी अंगात साठवून तपासणीला गेली, तर आकडा 136 च्या आसपास येईल. घरच्यांना वाटतं, गुण आला. प्रत्यक्षात युरियाचा एक कणही बाहेर गेलेला नाही, तो जास्त पाण्यात पसरला आहे एवढंच. चांगलं झालेलं चार तासांचं डायलिसिस हेच युरिया दोन-तृतीयांशाने खाली आणतं, म्हणजे 150 चं 50 च्या घरात. आणि तो युरिया खरोखर अंगाबाहेर जातो.

भरपूर पाणी पिण्याचा सल्ला मुतखडा होणाऱ्यांसाठी योग्य आहे, कारण त्यांची मूत्रपिंडं सहसा चालू असतात. तिथला सल्ला उचलून इथे चिकटवला गेला आहे. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांनीही फसू नये. दिवसाला लिटरभर लघवी होत असतानाही क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात साठणारी अशीच दुसरी घाण, 8 इतकं चढलेलं असू शकतं. पाणी बाहेर पडतंय म्हणजे त्यासोबत घाणही तेवढीच बाहेर पडते आहे, असं नसतं.

आता आत्याचाच हिशेब मांडते. तिचं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, 60 किलो आहे. त्या मजकुरानंतर ती युनिटमध्ये आली तेव्हा काटा 64 वर होता. दोन दिवसांत चरबी काही 4 किलो वाढत नाही, हे 4 लिटर पाणी होतं. चार तासांत ते काढायचं तर तासाला 1 लिटर, म्हणजे किलोमागे तासाला जवळजवळ 17 मिली. हा वेग 13 च्या पुढे जाऊ नये असा आमचा प्रयत्न असतो. मशीन पाणी काढते ते रक्तातून, आणि रक्तातलं द्रव एवढ्या वजनाच्या माणसात जेमतेम अडीच-तीन लिटर असतं. बाकीचं पाणी पेशींभोवतीच्या जागेतून हळूहळू रक्तात परत यावं लागतं. येण्यापेक्षा काढणं जलद झालं की रक्तदाब कोसळतो. पेशंट आधी जांभया देतो, मग घाम, मळमळ, पोटऱ्यांत गोळे. दरवेळी असं होत राहिलं तर हृदयालाही इजा होते.

13 च्या वेगाने आत्याचं तासाला 780 मिली निघू शकतं, म्हणजे चार तासांत 3 लिटरच्या थोडं वर. सगळे 4 लिटर काढायला पाच तासांपेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हा एक तर वेळ वाढवायची, नाहीतर मधे एक जादा दिवस घ्यायचा. दोन्ही जमलं नाही तर उरलेलं पाणी तसंच घेऊन घरी जायचं आणि पुढच्या वेळी आणखी जड होऊन यायचं.

तहान लागते त्याचं काय, असं आत्याने विचारलं, आणि तो प्रश्न रास्त आहे. तहान मारून बसणं कुणालाच जमत नाही. धरायचं असतं ते मीठ. साधारण 8 ग्रॅम मीठ अंगात राहिलं की ते लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि तेवढं पाणी आत जाईपर्यंत तहान भागत नाही. म्हणून दोन डायलिसिसच्या मधे वजन फार वाढलं की आम्ही आधी मिठाची चौकशी करतो, मग पाण्याची.

रक्ताचा मुद्दा लवकर संपतो. कोणत्याही एका क्षणी शरीराबाहेर, नळ्या आणि डायलायझर मिळून, पाव लिटरच्या आतबाहेर रक्त असतं. मिनिटाला 300 मिलीच्या वेगाने तेच पाचेक लिटर रक्त चार तासांत चौदा-पंधरा वेळा फिरून येतं. डायलायझरमध्ये केसासारख्या बारीक हजारो पोकळ तंतूंच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून, उलट्या दिशेने, शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार मिसळलेला द्रव वाहतो. युरिया, पोटॅशियम जिथे जास्त आहेत तिथून कमी असलेल्या बाजूला तंतूंच्या भिंतीतून सरकतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मोठी असल्याने आतच राहतात. जास्तीचं पाणी मात्र दाबातल्या फरकाने ओढलं जातं. थकवा येतो हे खरं आहे, अनेकांचा तो दिवस आडवं पडण्यात जातो. पण बराचसा थकवा पाणी भराभर काढल्याचा असतो, म्हणजे पुन्हा वरच्याच हिशेबाचा.

किडनी आळशी होण्याबद्दल अर्धं मान्य करावं लागतं. मशीनवर गेल्यावर उरलीसुरली लघवी महिन्यांगणिक कमी होत जाते, आणि वारंवार रक्तदाब पडल्याने ती जास्त लवकर जाते. पण मूळ आजाराने आधीच बंद पडत आलेली मूत्रपिंडं डायलिसिस टाळल्याने चालू राहत नाहीत. अचानक झालेल्या इजेत, जंतुसंसर्गात किंवा खूप रक्तस्रावानंतर डायलिसिस लागलेले कित्येक लोक काही आठवड्यांत त्यातून बाहेर पडतात. तेव्हा एकदा लागलं की सुटतच नाही, हेही सरसकट खरं नाही.

घाई करू नये, हेसुद्धा खरं, आणि त्याला भक्कम आधार आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 828 प्रौढांवर झालेला आयडियल नावाचा अभ्यास 2010 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. एका गटाने मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग मिनिटाला 10 ते 14 मिलीवर असतानाच डायलिसिस सुरू करायचं, दुसऱ्याने तो 5 ते 7 पर्यंत उतरल्यावर. दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, 37.6 आणि 36.6 टक्के. म्हणजे फक्त आकडा बघून लवकर सुरू करण्यात फायदा नाही. पण थांबवलेल्या गटातल्या 75.9 टक्के लोकांना ठरवलेल्या पातळीपर्यंत थांबता आलंच नाही, बहुतेकांना लक्षणांमुळे आधी सुरू करावं लागलं. थांबायचं ते तपासण्या चालू ठेवून, उलट्या, सूज, दम, गुंगी यांच्यावर लक्ष ठेवून. घरी बसून पाणी पीत थांबणं वेगळं.

राहिलं पोटाचं डायलिसिस, ज्याला आम्ही पीडी म्हणतो. त्या पिशवीत मीठ असतंच, पण पाणी खेचतं ते ग्लुकोज. म्हणून पिशव्या 1.5, 2.5 आणि 4.25 टक्के अशा तीन ताकदींच्या येतात. पोटाच्या आतलं पातळ अस्तर इथे डायलायझरचं काम करतं. बेंबीजवळ बसवलेल्या मऊ नळीतून 2 लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तास ठेवायचा, मग खाली लावलेल्या पिशवीत काढून नवा भरायचा. दिवसात साधारण चार वेळा, किंवा रात्री झोपेत मशीनने. तेवढ्या वेळात युरिया आणि पोटॅशियम अस्तरातून द्रवात उतरतात आणि ग्लुकोज पाणी ओढून घेतं.

तेच ग्लुकोज हळूहळू अंगात शोषलंही जातं, आणि मग ओढ संपते. समजा दिवसाच्या तीन पिशव्या 2.2 लिटर भरून बाहेर आल्या, तर 600 मिली निघालं. रात्रीची पिशवी 1.5 टक्केवाली होती आणि नऊ तास आत राहिली, तर ती 1.9 लिटरच येऊ शकते, म्हणजे 100 मिली पाणी उलट अंगात गेलं. निव्वळ निघालं 500. अशा पेशंटला रात्रीसाठी जास्त ताकदीची पिशवी किंवा आयकोडेक्स्ट्रिन नावाचा वेगळा द्रव देतात, जो फार हळू शोषला जातो. नुसतं मिठाचं पाणी भरलं असतं, तर जास्तीचं पाणी निघालंच नसतं.

डॉक्टर बोलत नाहीत, या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मला आवडत नाही. मशीनवर आलेल्या कितीतरी लोकांना पीडी हा पर्याय कुणी नीट समजावलेलाच नसतो. मशीन आठवड्याच्या 168 तासांतले 12 तास काम करते. पीडी रोज, संथपणे चालतं, त्यामुळे रक्तदाब असा कोसळत नाही आणि उरलेली लघवीही जास्त काळ टिकते. पण पोटात आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेली असतील, मोठा हर्निया असेल, किंवा पिशवी बदलायला स्वतःचे वा घरातल्या कुणाचे स्थिर हात नसतील, तर ते जमत नाही. द्रवासोबत रोज 5 ते 10 ग्रॅम प्रथिनंही निघून जातात.

आणि हा प्रकार साध्या पाण्याचा समजून कुणी हात न धुता, मास्क न लावता नळी उघडली, तर पोटाच्या अस्तराला जंतुसंसर्ग होतो. ओळखायचं असं: काढलेल्या द्रवाची पिशवी छापील कागदावर ठेवा. अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. द्रव गढूळ असेल, तर पोट दुखत नसलं, ताप नसला तरी त्याच दिवशी ती पिशवी घेऊन युनिटला जायचं, फेकून द्यायची नाही. त्यातल्या पेशी मोजतात. मायक्रोलिटरमध्ये 100 हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी निघाल्या, तर जंतूंचा रिपोर्ट यायची वाट न पाहता त्याच नळीतून अँटिबायोटिक सुरू होतं. योग्य औषध देऊनही पाचेक दिवसांत द्रव निवळला नाही, तर बहुतेकदा नळीच काढावी लागते आणि पेशंट मशीनवर जातो.