सिंकिंग फंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

सिंकिंग फंड म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चासाठी किंवा परतफेडीसाठी दरवर्षी ठरलेली रक्कम व्याजावर बाजूला टाकत जाणं. त्यावरच्या माझ्या लेखात 5 वर्षांनी लागणाऱ्या 10 लाखांसाठी वर्षाचा हप्ता 1,70,456 काढला होता, त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"तुमचं उदाहरणच चुकलंय. 5 वर्षांनी 10 लाखांची मशीन, 8 टक्के व्याज, तर वर्षाला 1,57,830 भरले की झालं, तुम्ही 1,70,456 कुठून आणले? व्याजावरचा टॅक्स नाही, मशीनचा भाव वाढेल तेही नाही. शिकवण्याआधी स्वतः शिका."

भाऊ, शेवटचं वाक्य नसतं तर चार ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. चूक दाखवा ना, पण "स्वतः शिका" काहून? मी काय तुमच्याकडून फी घेतो का?

एक मान्य, ठेव वर्षअखेरीस भरायची हे मी लिहायला पाहिजे होतं, राहून गेलं.

पण तुमचा आकडा कुठून येतो ते बघा. तुम्ही पहिली ठेव आजच भरताय, म्हणजे तिला पूर्ण 5 वर्षांचं व्याज मिळतं अन् शेवटचीलाही एका वर्षाचं. माझी पहिली ठेव वर्षभरानं, तिला 4 वर्षांचंच व्याज, अन् पाचवी भरली त्याच दिवशी रक्कम काढायची, तिला शून्य. प्रत्येक ठेव एक वर्ष कमी वाढते म्हणून माझा हप्ता तुमच्या 1.08 पट, करा गुणाकार, तेच येईल. गणित तुमचंही बरोबर आहे बाप्पा, मी कुठे नाही म्हणतो!

पण आज भरायला पैसे कोणाकडे असतात? 2014 मध्ये हिंगण्याच्या एमआयडीसीत मी लेथ घेतली, बँकेचं मार्जिन भरून खातं इतकं रिकामं झालं की मशीन उतरवणाऱ्या क्रेनवाल्याचे पैसे पंधरा दिवस उधार ठेवले. त्याच दिवशी पुढच्या मशीनसाठी दीड लाख बाजूला टाका म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी पहिली एफडी वर्षभरानंच केली, 4 वर्षांची, मग 3 ची, अशी उतरत.

अन् तुमच्यासारखंच मीही हिशोब सुरुवातीचा धरून हप्ता काढला होता, भरत मात्र गेलो वर्षअखेरीस. वरचंच उदाहरण घ्या, 1,57,830 वर्षअखेरीस भरले तर पाचव्या वर्षी 9,25,926 होतात, म्हणजे 74,074 कमी. पासबुकात दरवर्षी रक्कम वाढतच दिसते त्यामुळे शंकाही येत नाही, खड्डा शेवटच्या दिवशी कळतो. ते मी भोगलंय, वाचून नाही लिहिलं. पहिल्याच ठेवीच्या तारखेला ती किती वर्षं व्याज खाणार ते मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

टॅक्सचं लिहीन कधी वेळ मिळाला की. भाव वाढायचा मुद्दा मशीनला लागू, डिबेंचरला, म्हणजे कंपनीनं लोकांकडून कर्ज घेताना दिलेल्या रोख्याला नाही, तिथे परत करायची रक्कम आधीच ठरलेली असते, अन् माझ्या लेखाचा अर्धा भाग डिबेंचरवरच होता. तो वाचला होता का?