आईचं स्टेटस, पुरणपोळी आणि फ्रिजवरचं कार्ड

आज सकाळी डोकं फिरलं म्हणून लिहितोय, मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

शनिवार-रविवार सांगलीला आलोय. दहाच्या सुमारास चुलतभावाचा मेसेज, "काकूंच्या पुरणपोळीपेक्षा काकूंचा वायफाय पासवर्ड जास्त गोड आहे." मला कळेचना. मग आईचं स्टेटस उघडलं. ताटात पुरणपोळी, तुपाची वाटी, आणि मागे फ्रिज. फ्रिजवर पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर काळ्या मार्करने नेटवर्कचं नाव म्हणजे आमचं आडनाव आणि फ्लॅट नंबर, खाली पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाईल नंबर, आणि त्याच्याही खाली राऊटरच्या सेटिंगचं admin / admin. नेट बसवायला आलेल्या पोराने "काका, एकाच ठिकाणी असू दे सगळं" म्हणून लिहून दिलेलं. स्टेटस डिलीट करेपर्यंत साठ-पासष्ट जणांनी पाहिलं होतं, त्यातले निम्मे आमच्याच सोसायटीतले. म्हणजे नेमके तेच लोक, ज्यांच्या घरापर्यंत आमची रेंज पोचते!

आईवर ओरडलो. ओरडायला नको होतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी ज्यांना "हॅ, कोणी दोन जीबी वापरले तर काय बिघडतं" वाटतं त्यांच्यासाठी. २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून. मेल त्याने पाठवलाच नव्हता, पण पोलीस आले ते त्याच्याच दारात, कारण कनेक्शन त्याच्या नावावर. आमचं कनेक्शन बाबांच्या नावावर आहे. बाबांना साधं पार्किंगवरून कोणी आवाज चढवला तरी रात्रभर झोप लागत नाही.

आणि मोबाईल नंबर हा पासवर्ड कार्डावर नसता तरी फालतूच होता. बाहेर जिन्यात बसून कोणी फोन आणि राऊटरची जोडणी होतानाचं बोलणं पकडलं, तर पुढचे अंदाज तो घरी जाऊन आरामात लावू शकतो, राऊटरला पत्ताही लागत नाही. दहा आकडी नंबर एका चांगल्या ग्राफिक्स कार्डासाठी काही तासांचं काम. लांबी हवी, बाकी सगळं नंतर.

आता ओरडण्याबद्दल. हे कार्ड आलं कुठून? दोन वर्षांपूर्वी नवीन राऊटर आला तेव्हा मी पुण्यात बसून हुशारी करून पासवर्ड ठेवला होता, आठ अक्षरं, त्यात कॅपिटल आय, स्मॉल एल, शून्य आणि हॅश. रात्री अकराला आईचा फोन, नवीन टॅबला नेट लागत नाही. चाळीस मिनिटं! "आय म्हणजे आगगाडीतला का रे? हॅश कुठाय? हे ओ आहे का शून्य?" शेवटी मीच वैतागून म्हणालो, उद्या बघू, झोप आता. तो उद्या आलाच नाही. मग बाबांनी बसवणाऱ्या पोराला बोलावून स्वतःचा नंबर टाकून घेतला आणि कार्ड लावलं. म्हणजे कार्ड आईचं नाही, माझं आहे. मी फोन ठेवला म्हणून ते झालं.

त्यामुळे "पासवर्ड लिहून ठेवूच नका" म्हणणाऱ्यांचा मला आता राग येतो. सत्तरीच्या माणसाने काय करायचं, तुम्हाला फोन करायचा? तुम्ही उचलता? कार्ड फ्रिजवरच राहणार. स्वयंपाकघरात येणारा माणूस घरातलाच, भीती त्याची नाहीच. भीती फोटोची, फोटोला दार नसतं.

म्हणून दुपारी मी आणि आई बसलो. पासवर्ड आधी. बाबांचा जाडा शब्दकोश घेतला, आईने डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं. चार शब्द. अट एकच, इंग्रजी अक्षरांत आम्ही दोघं न विचारता एकसारखंच लिहू असा शब्द हवा, नाहीतर पुढचं बोट. वांगी गेलं, vangi का vaangi यावर भांडण झालं. वेल गेला, मी v लिहिला आणि आईने w. मला परत ती चाळीस मिनिटं नको होती. शेवटी साधारण असं काहीतरी झालं (हा खरा नाही, उगाच प्रयत्न करू नका): undir-supari-topi-batata. सगळी अक्षरं छोटी, मधे आडवी रेघ. चोवीस अक्षरं होतात, आणि आईने दोनदा म्हटल्यावर तिला पाठ. शब्द आवडीचे घेऊ नका हां, नातवंडांची नावं आणि कुलदैवत सगळ्या सोसायटीला माहीत असतात.

मग कार्ड. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, मधे घडी, वर लोहचुंबक. बाहेर फक्त "घरचं नेट". नाव आणि पासवर्ड आत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत तोच शब्द. नेटवर्कच्या नावातून आडनाव आणि फ्लॅट नंबर काढून टाकला. घडी मिटलेली असली की पुरणपोळीचे कितीही फोटो काढा.

क्यूआर कोडही आत. पुष्कळांना वाटतं क्यूआर म्हणजे कुलूप. अरे, तो पासवर्डच आहे, फक्त ठिपक्यांत लिहिलेला, आत हे असतं:

```
WIFI:T:WPA;S:Angan;P:undir-supari-topi-batata;;
```

कोणीही फोटोतून स्कॅन केला की सगळं समोर. (पासवर्डमधे अर्धविराम असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर कोड चालत नाही, म्हणून ती चिन्हं टाळलेलीच बरी.) कुठल्यातरी वेबसाईटवर जाऊन कोड बनवू नका, पासवर्ड परक्याच्या हातात कशाला? अँड्रॉइड फोनच्या वायफाय सेटिंगमधे शेअर दाबलं की कोड येतो. आणि प्रिंटला झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केलं तर तो त्याच्याकडेही राहतो! आम्ही शेजारच्या पोरीचा प्रिंटर पेन ड्राईव्हवरून वापरला, आणि फाईल लगेच उडवली.

admin / admin बदललं, तो पासवर्ड कार्डावर नाही, बाबांच्या डायरीत पॉलिसीच्या कागदांसोबत. तो हातात असला की वायफायवर आलेला कोणीही आपल्यालाच बाहेर काढू शकतो.

बरं, मान्य, पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवणं जास्त शहाणपणाचं. ठेवलंय. पण घरच्यांना त्याच्यावर टाकू नका, बहुतेक राऊटरमधे गेस्टवरचा फोन टीव्हीला दिसतच नाही, मग कीर्तन टीव्हीवर लागत नाही म्हणून परत फोन येतो.

बदल केल्यावर टीव्ही, टॅब, बाबांचा फोन आणि दारावरचा कॅमेरा, सगळं एकदम तुटलं. कॅमेऱ्याने तासभर खाल्ला. टॅबला मात्र आईने स्वतः टाईप केलं, कार्ड उघडून, एकेक शब्द आणि मधली रेघ म्हणत. मला एकदाही विचारलं नाही. मी आपला शेजारी उभा.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर घडीच्या बाहेर, "घरचं नेट"च्या खाली, आईने दुधाचा हिशोब लिहायला घेतलाय. आज अर्धा लिटर जास्त.